पुसली की पांढरी होणारी फरशी

मिस्त्रींनी आपली अवजारं गोळा केली आणि "झालं ताई, आता घर तुमचं," म्हणून ते निघाले, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. साडेसहाला मी बादली भरून पोछा हातात घेतला होता. तीन महिने एका खोलीत कोंबून काढल्यावर दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे हॉलची आणि स्वयंपाकघराची फरशी बदलून गडद राखाडी व्हिट्रिफाईड टाइल्स बसवल्या होत्या. न्हाणीघर पूर्ण नवं झालं होतं, खिडक्यांना संगमरवरी पट्ट्या आणि नव्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी आल्या होत्या. रात्री दहापर्यंत मी सगळा हॉल दोनदा पुसला. ओली फरशी इतकी सुंदर दिसत होती की मी दिवा बंद करायच्या आधी दारातून परत एकदा बघून घेतली.

सकाळी ती पांढरी होती. ठिपके किंवा डाग पडले असते तर निदान कळलं असतं. इथे आख्ख्या फरशीवर दुधाची पातळ साय धरावी तसा थर होता, आणि पोछ्याचे अर्धवर्तुळाकार फटकारे त्यात स्पष्ट उमटले होते. पुन्हा पुसली. वाळली, पुन्हा पांढरी. फिनाईल घातलं, मग साबण घातला. साबणाने तर थर वर चिकटही झाला. चौथ्या खेपेला माझ्या बोटांची टोकं कोरडी पडून चिरायला लागली. पाण्याने हात असे कधी होत नाहीत, एवढं लक्षात येऊनही त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

अर्थ दोन दिवसांनी कळला. न्हाणीघराच्या उंबऱ्याची एक पट्टी बसवायची राहिली होती, त्यासाठी मिस्त्री आले आणि फरशी बघून हसले. "ताई, तुम्ही धूळ पुसली नाही, कालवली." मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. घराच्या कामानंतरची धूळ ही रोजच्या केराची धूळ नसते. तिच्यात टाइल कापताना उडालेली भुकटी असते, भिंती घासताना पडलेली पुट्टी असते, आणि पोती झटकताना उडालेलं कोरडं सिमेंटही असतं. पाणी लागलं की या सगळ्याची पातळ लापशी होते. पोछा ती उचलत नाही, सारखी पसरवतो. पाणी उडून जातं, लापशी राहते. जिथे ती जाड साचते, म्हणजे सांध्यात, कोपऱ्यात आणि खिडकीच्या खाचेत, तिथे तिच्यातलं सिमेंट चक्क धरतं. माझी बोटं चिरली तीही यामुळेच, कारण ओलं सिमेंट चुन्यासारखंच कडक अल्कधर्मी असतं. त्यानंतर मी रबरी हातमोज्यांशिवाय एकाही बादलीत हात घातला नाही.

तेव्हा आधी सगळं कोरडं. मला वाटलं, म्हणजे झाडू. पण झाडू मारला की या धुळीतला जाड भाग सुपलीत येतो आणि बारीक भाग हवेत जाऊन तासाभराने परत तिथेच बसतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत त्याच्या मागच्या जाळीतून निघणारा धूर मला दिसला. पुढून आत घेत होता आणि मागून बाहेर सोडत होता. त्याची कापडी गाळणी एवढ्या बारीक भुकटीसाठी नव्हतीच. शेवटी हेपा गाळणी असलेलं बांधकामाच्या धुळीसाठीचं मशीन भाड्याने आणलं. हा एक खर्च मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. टाइल, विटा, वाळू यांच्या कापण्याघासण्यातून उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे सर्वांत बारीक कण नाकात न अडकता फुप्फुसात खोल जातात. म्हणून एन-९५ मास्क नीट घट्ट बसवूनच काम केलं, आणि आईला मशीन चालवायच्या दोन दिवसांसाठी मावशीकडे पाठवलं. तिने कुरकुर केली, पण गेली.

मशीन वरून खाली चालवायचं. आधी छताचे कोपरे, पंख्याची पाती आणि कपाटांचे माथे घेतले. मग भिंती मऊ ब्रशच्या तोंडाने, त्यानंतर दारांच्या चौकटी आणि विजेच्या बोर्डांच्या वरच्या कडा, सर्वांत शेवटी फरशी. तेवढं करून घर बंद केलं, पंखे बंद ठेवले, रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी मोबाईलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला. वरून स्वच्छ दिसणारी फरशी त्या तिरप्या उजेडात पिठाच्या गिरणीसारखी दिसली. रात्रभर हवेतली धूळ खाली आली होती. पुन्हा मशीन, पुन्हा रात्र. तिसऱ्या सकाळी टॉर्चच्या उजेडात तुरळक कण दिसले, तेव्हा कुठे बादलीला हात लावला.

या वेळी बादल्या दोन होत्या. एकीत स्वच्छ पाणी आणि त्यात अगदी चमचाभर भांड्यांचा पातळ साबण, दुसरीत नुसतं पाणी, पोछा आधी खळबळायला. खळबळलेलं पाणी ताकासारखं दिसलं की दोन्ही बादल्या ओतायच्या. आमच्या हॉलला मी सात वेळा पाणी बदललं. ओतायचं कुठे हाही प्रश्नच असतो. ती लापशी न्हाणीघराच्या मोरीत गेली तर तळाच्या वाकणात साचून धरते. मी बादली तासभर स्थिर ठेवून वरचं पाणी ओतत गेले आणि तळाचा गाळ जुन्या पोत्यात भरून कचऱ्यात दिला.

एवढ्यानं फरशीचा तीन चतुर्थांश भाग खरोखर स्वच्छ झाला. उरलेला भाग वाळल्यावर अजूनही धुरकट होता. आता मात्र फरक कळत होता. धुळीचा थर असेल तर कोरड्या फरशीवर बोट फिरवलं की बोट पांढरं होतं. इथे बोट स्वच्छ येत होतं आणि धुरकटपणा जिथल्या तिथे राहत होता. हा सांध्यांचा, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरताना वरून पुसलेल्या ग्राउटचा थर होता. त्यात थोडी माझ्या पहिल्या रात्रीच्या लापशीची भर. तो टाइलला धरला होता, त्यामुळे नुसत्या पाण्याने सुटणार नव्हता.

सिमेंट धरल्यावर त्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वरच्या वर चुनखडीसारखा होतो, आणि चुनखडीला आम्ल विरघळवतं. यावर रामबाण म्हणून मीठाचं आम्ल, म्हणजे ॲसिडची बाटली आणा, असं मला तीन जणांनी सांगितलं. मिस्त्रींनीच अडवलं. त्याच्या नुसत्या वाफांनी नळ आणि दारांच्या स्टीलच्या कड्या काळवंडतात, सांध्यातलं ग्राउट पोखरतं, आणि त्याच न्हाणीघरात कुणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू निघतो. मी सायट्रिक ॲसिडची पूड घेतली. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, म्हणजे साधारण पाच टक्के. सांधे भरून दोन आठवडे होऊन गेले होते, हेही महत्त्वाचं होतं. कोवळ्या ग्राउटवर आम्ल घातलं तर वरचा थर सुटण्याऐवजी सांधेच भुसभुशीत होतात.

आधी सोफ्याखाली जाणाऱ्या एका टाइलवर करून पाहिलं. पहिली पायरी सगळे विसरतात ती, म्हणजे सांध्यांना साधं पाणी पाजायचं. ग्राउट स्पंजासारखं शोषून घेतं. ते आधीच पाण्याने भरलेलं असेल तर आम्ल आत न जाता वरच राहतं. मग द्रावण ओतलं आणि पांढऱ्या नायलॉनच्या घासणीने पसरवलं. हलके बुडबुडे आले, कान जवळ नेला तर बारीक चरचर ऐकू आली. तीन-चार मिनिटांनी घासणी फिरवली तशी ती राखाडी पिठूळ पाण्याने भरली. ते पाणी लगेच फडक्याने उचललं, दोनदा साध्या पाण्याने धुतलं. शेवटच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, म्हणजे सांध्यात उरलेलं आम्ल मरतं. टाइल वाळली आणि राखाडीच राहिली. मी त्या एका टाइलवर बराच वेळ बसून होते.

मग उत्साहाच्या भरात एकदम अर्धा हॉल ओला केला आणि फोन आला. परत येईपर्यंत द्रावण वाळलं होतं आणि तिथे नवाच पांढरा थर होता, आधीपेक्षा ठळक. सायट्रिक ॲसिड आणि चुना यांच्यातून जे तयार होतं तेही पांढरं असतं आणि पाण्यात फारसं विरघळत नाही. ओलं असताना उचललं तर जातं, वाळू दिलं तर बसतं. ताजं द्रावण ओतून तो भाग पुन्हा करावा लागला. त्यानंतर एका वेळी चार टाइल्स, आणि फोन दुसऱ्या खोलीत.

याच दिवशी मी खिडकीच्या संगमरवरी पट्टीवर द्रावणाचा मग ठेवला. मग उचलला तेव्हा खाली गोल ओल होती. पुसली. ओल गेली, गोल राहिला. मला आधी डागच वाटला, म्हणून घासलं. पण तो डाग नव्हता. तेवढ्या जागेची झिलई गेली होती. संगमरवर म्हणजे मुळातच कॅल्शियम कार्बोनेट. मी फरशीवरून जे विरघळवून काढत होते, त्याच जातीचा दगड. आम्लाला वरचा थर कुठला आणि खालचा दगड कुठला हे कळत नाही. पॉलिश करणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, एवढ्याशा गोलासाठी पूर्ण पट्टी घासावी लागेल. तो गोल अजून तिथे आहे, त्यावर आता कुंडी आहे. पट्टीवरचे सिमेंटचे शिंतोडे मी नंतर नुसत्या पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पत्र्याने काढले. एकेका ठिपक्याला दहा मिनिटं लागली, पण दगडाला काही झालं नाही.

स्वयंपाकघरात वेगळी भानगड. ओट्याखालच्या टाइल्सवर, मिस्त्रींनी चिकटवण्याचं मिश्रण जिथे कालवलं होतं तिथे, वाळलेले राखाडी ढेकळांचे पापुद्रे होते. त्यांच्यावर सायट्रिक ॲसिड ओतलं तर आधी बुडबुडे आले आणि मग काहीच होईना. दुसऱ्यांदा ओतलं, तेच. टाइल ॲडहेसिव्हमध्ये सिमेंट आणि वाळूबरोबर पॉलिमर असतं. त्यामुळेच ते टाइलला इतकं घट्ट धरतं. आम्ल सिमेंटचा वरचा भाग खातं, पॉलिमरपाशी थांबतं. तिथे आम्लाच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. जुनी फडकी पाण्यात चिंब करून त्या पापुद्र्यांवर पसरली, वर प्लास्टिकची पिशवी कापून झाकली, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि रात्रभर सोडली. सकाळी पापुद्रे दगडी राहिले नव्हते, बोटाने दाबलं तर चामड्यासारखे वाटत होते. रुंद पात्याचा पत्रा जवळजवळ आडवा धरून खालून सरकवला की सलग निघत होते. फडकं काढून पाच-सात मिनिटं गेली की पुन्हा कडक व्हायला लागतात, म्हणून एकेक तुकडा उघडत गेले.

पत्रा चालवताना टाइलवर काळपट राखाडी रेघा उमटल्या तेव्हा मात्र माझा धीर सुटला. नवी टाइल, आणि मी तिच्यावर ओरखडे काढून ठेवले! नवऱ्याने रेघेवरून नख फिरवून पाहिलं. "अडकत नाहीये गं," तो म्हणाला. खरंच अडकत नव्हतं. व्हिट्रिफाईड टाइल पत्र्याच्या लोखंडापेक्षा कठीण असते, त्यामुळे टाइल झिजली नव्हती. पत्राच झिजून पेन्सिलीसारखा तिच्यावर उमटला होता. भांडी घासायच्या क्रीमने ओल्या फडक्याने गोल गोल घासल्यावर रेघा गेल्या. नख अडकलं असतं तर तो ओरखडा असता आणि कशानेही गेला नसता.

न्हाणीघराचे सांधे एपॉक्सीचे होते आणि त्यांचा थर पांढरा नव्हता, तेलकट चकाकणारा होता, तिरप्या उजेडात इंद्रधनुषी दिसे. त्याला सिमेंटशी काही देणंघेणं नसल्यामुळे आम्लाने ढिम्म हललं नाही. त्यासाठी एपॉक्सीचा वेगळा रिमूव्हर लागतो. ते काम मिस्त्रींनी त्यांच्या माणसाकडून करून दिलं, त्यांनी भरतानाच पुसायला हवं होतं म्हणून.

खिडक्यांकडे वळेपर्यंत मला आपण शहाण्या झालोत असं वाटत होतं. काचेवर पुट्टीचे थेंब होते आणि सिमेंटचे शिंतोडे. कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही एवढं ठाऊक होतं, कारण त्या धुळीतली वाळू काचेपेक्षा कठीण असते आणि फडकं सँडपेपर बनतं. म्हणून स्प्रेने भरपूर पाणी मारून वरून खाली धूळ वाहून जाऊ दिली. मग साबणाचं पाणी, आणि नवं कोरं ब्लेड लावलेली काचेची खरवडणी. ब्लेड काचेशी जेमतेम तीस अंशात धरायचं, एकाच दिशेने ढकलायचं, परत आणताना उचलून आणायचं. मागे ओढलं की पात्याखाली अडकलेला सिमेंटचा कण काचेवर घासला जातो. एका काचेला एक ब्लेड, आणि काच सतत ओली. सरकत्या तिन्ही खिडक्या अशा झाल्या, एकही ओरखडा नाही.

चौथी हॉलची मोठी स्थिर काच होती. तिथे पहिल्याच फटकाऱ्याला पात्याखाली करकर झाली, बारीक वाळूवरून चालल्यासारखी. मला वाटलं धूळ राहिली असेल. अजून पाणी मारलं आणि पुढे गेले. संध्याकाळी ऊन तिरपं आलं तेव्हा काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर केसाएवढ्या समांतर रेघा झळकल्या, थेट माझ्या हाताच्या ओघात. नख हलकं अडकत होतं. खालच्या कोपऱ्यात बारीक शिक्का होता, तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. ती टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच होती. भट्टीत तापवताना रोलरवरची काचेची भुकटी कधीकधी एका बाजूला चिकटून भाजली जाते, डोळ्यांना दिसत नाही. ब्लेड तो कण उखडतं आणि काचभर ओढत नेतं. काच बसवणाऱ्याने सांगितलं की अशा काचेवर ब्लेड चालवायचंच नाही, आणि करकर ऐकू आली त्या क्षणी थांबायचं. ती काच रेघांसकट तशीच आहे. तिच्यावरचे उरलेले शिंतोडे मी सायट्रिक ॲसिडमध्ये भिजवलेली फडक्याची घडी पाच-पाच मिनिटं दाबून धरून मऊ केले आणि प्लास्टिकच्या पत्र्याने उचलले. द्रावण ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ओघळू नये म्हणून खालच्या कडेला चिकटपट्टीच्या आत सुकं फडकं भरलं होतं. दोन ठिकाणी शिंतोडा निघाला तरी त्याच्या आकाराची धूसर सावली काचेत राहिली. ते शिंतोडे कामाच्या पहिल्या महिन्यातले असणार. सिमेंटमधला अल्क दिवसेंदिवस ओला राहिला तर काचेलाही खातो.

खिडक्यांच्या खालच्या खाचा मी आधी कोरड्या ब्रशने आणि मशीनच्या बारीक तोंडाने साफ केल्या, मग पाण्याने. तावदानं लोण्यासारखी सरकू लागली आणि मी मशीन परत करून टाकलं.

दीड महिन्याने पहिला जोराचा पाऊस आला. हॉलच्या खिडकीच्या खाचेत पाणी भरलं आणि काठोकाठ होऊन नव्या भिंतीवरून खाली उतरलं. खाचेच्या बाहेरच्या अंगाला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. गुडघ्यावर बसून बाहेरून चाचपलं तर हॉलच्या खिडकीची दोन्ही भोकं आतून राखाडी गच्च होती. बाकीच्या दोन खिडक्यांची मोकळी होती, कारण पहिल्या रात्री पोछा पिळता पिळता मी फक्त हॉलची खिडकी पुसली होती. जाड तार घेऊन पावसातच भोकं कोरली. आधी सिमेंटची एक बारीक कांडी सुटून बाहेर पडली, आणि मागोमाग पाणी गेलं.